गाथेवर प्रश्न कसे काढावेत: धम्मपदाच्या दोन गाथा, आठ प्रश्न आणि त्यांचा क्रम

माध्यमिक शाळेतला पालीचा तास असो किंवा विहारातला रविवारचा वर्ग, गाथेवरचे प्रश्न पाहिले की बहुतेक ठिकाणी एकच चूक दिसते. प्रश्न गाथेवर असतो, पण उत्तर देण्यासाठी गाथा वाचावीच लागत नाही. “मनावर ताबा का ठेवावा?” हा असाच प्रश्न. मी स्वतः तो कितीतरी वर्षे विचारत होते. नववीच्या वर्गात एकदा त्याची उत्तरे तपासायला बसले. जवळजवळ प्रत्येक वहीत “मनावर ताबा ठेवल्याने यश मिळते” अशा अर्थाचे वाक्य होते. गाथा 33 व्या क्रमांकाची होती. तिच्यात बाण आहे, बाण करणारा कारागीर आहे, पण एकाही वहीत बाणाचा उल्लेख नव्हता. मुलांची चूक नव्हती, प्रश्नच तसा होता.

मन आणि सवय या विषयावरच्या गाथा निवडल्या की हा धोका वाढतो, कारण या विषयावर मुलांना आधीच बरेच काही पाठ असते. म्हणून खाली पायऱ्या दिल्या आहेत त्या याच क्रमाने घ्या. संपूर्ण सोडवून दाखवण्यासाठी धम्मपदातल्या पापवग्गातल्या 121 आणि 122 या दोन गाथा घेतल्या आहेत. शब्दांच्या अडचणी दाखवण्यासाठी चित्तवग्गातल्या 33 आणि 35 या गाथांकडे अधूनमधून वळेन.

## टप्पा 1: पाठ ठरवा आणि पदे सुटी करा

प्रश्न काढायला बसण्याआधी गाथा स्वतःच्या हाताने वहीत उतरवा. छापील प्रतींमध्ये काही शब्दांचे पाठभेद असतात आणि शब्दांचा क्रमही क्वचित बदलतो. शिक्षकाच्या हातात एक प्रत आणि मुलांच्या हातात दुसरी असेल तर शब्दावर बोट ठेवून विचारलेला प्रश्न तिथेच कोसळतो. म्हणून एक पाठ ठरवा, फळ्यावर लिहा आणि पूर्ण वर्गासाठी तोच वापरा. आपण हा घेऊ:

मावमञ्ञेथ पापस्स, न मन्तं आगमिस्सति ।
उदबिन्दुनिपातेन, उदकुम्भोपि पूरति ।
बालो पूरति पापस्स, थोकं थोकम्पि आचिनं ॥ 121 ॥

मावमञ्ञेथ पुञ्ञस्स, न मन्तं आगमिस्सति ।
उदबिन्दुनिपातेन, उदकुम्भोपि पूरति ।
धीरो पूरति पुञ्ञस्स, थोकं थोकम्पि आचिनं ॥ 122 ॥

आता संधी सोडवा. “मावमञ्ञेथ” म्हणजे मा आणि अवमञ्ञेथ, कमी लेखू नये. “न मन्तं” म्हणजे न, मं, तं: ते माझ्याकडे येणार नाही. “उदकुम्भोपि” म्हणजे उदकुम्भो आणि पि, पाण्याचा घडादेखील. “थोकम्पि” म्हणजे थोकं आणि पि. “आचिनं” हे साठवत राहणाऱ्याचे विशेषण आहे: साठवत असलेला.

पहिल्या गाथेचा साधा अर्थ असा लागतो: “ते माझ्याकडे येणार नाही” असे म्हणून पापाला कमी लेखू नये. पाण्याचे थेंब पडूनही घडा भरतो. थोडे थोडे साठवणारा मूढ माणूस पापाने भरतो. दुसरीत पापाच्या जागी पुण्य येते आणि मूढाच्या जागी शहाणा.

तपासणी: प्रत्येक पालीशब्दाखाली मराठी शब्द लिहून झाला का? एखाद्या शब्दाखाली जागा रिकामी राहिली आणि तरीही तुम्हाला वाक्याचा अर्थ लागला असे वाटत असेल, तर तो अर्थ गाथेतून आलेला नाही, आठवणीतून आलेला आहे. तो शब्द आधी सोडवा.

## टप्पा 2: ओळखीच्या चेहऱ्याचे शब्द वेगळे काढा

मराठी मुलाला पाली अवघड जाते ती अनोळखी शब्दांमुळे नाही. अनोळखी शब्द दिसला की मूल विचारते किंवा शब्दार्थ पाहते. घोटाळा होतो तो शब्द मराठीसारखा दिसतो तेव्हा. तिथे कुणी विचारतच नाही.

आपल्या दोन गाथांत असे दोन शब्द आहेत. “बालो” हा पहिला. मुले सरळ “लहान मूल” असा अर्थ घेतात आणि मग गाथेचा अर्थ होतो, लहान मुलाने केलेले पाप साठत जाते. पालीत बाल म्हणजे मूढ, अजाण. वयाचा संबंध नाही. समोरची गाथा वाचली की हे लगेच कळते, कारण तिथे त्याच जागी “धीरो”, म्हणजे शहाणा, आहे. वयाने मोठा असलेला कुणी तिथे नाही. दुसरा शब्द “थोकं”. थोक व्यापार, थोक भाव हे शब्द बाजारात कानावर पडलेले असतात, त्यामुळे एखादे मूल “घाऊक” असा अर्थ लावते आणि गाथा नेमकी उलटी होते. पाली थोक म्हणजे थोडे. आपला “थोडा” हा शब्दही याच कुळातला आहे, एवढे सांगितले की मुले विसरत नाहीत.

चित्तवग्गात तर असे शब्द ओळीने येतात. गाथा 33 ची सुरुवात आहे “फन्दनं चपलं चित्तं”. मराठीत चपळ हे कौतुक आहे, चपळ खेळाडू म्हणतो आपण. इथे चपल म्हणजे एका जागी न टिकणारे. “फन्दनं” वाचून मुलांना फंद आठवतो, फंदात पडणे आठवते. पण तो शब्द संस्कृत स्पंदनाचा भाऊ आहे, थरथरणारे, हलणारे. आणि गाथा 35 च्या शेवटी “चित्तं दन्तं सुखावहं” येते तिथे वर्गात कुणीतरी दात म्हणतेच. दन्तं म्हणजे दमन केलेले, वळण लावलेले.

हे शब्द वेगळ्या यादीत लिहा. प्रश्नपत्रिकेत त्यांचे अर्थ आधीच देऊन टाकायचे की त्यांच्यावर प्रश्न विचारायचा, हे गाथेवरून ठरवा. माझा नियम असा आहे: गाथेतच दुसरा शब्द असेल, ज्याच्या आधाराने मूल खरा अर्थ शोधू शकते, तर प्रश्न विचारा. “बालो”ला “धीरो”चा आधार आहे, म्हणून विचारा. “थोकं”ला थेंबांचा आधार आहे, तोही विचारता येईल. “दन्तं”चा आधार त्याच गाथेतला “दमथो” आहे, पण मुलांना ते नाते आपणहून दिसत नाही. तिथे अर्थ देऊन टाका.

सावधान: हे शब्द सापळे म्हणून वापरू नका. चुकावे म्हणून विचारलेला प्रश्न मूल एकदाच चुकते आणि पुढे गाथेलाच घाबरते.

## टप्पा 3: डोक्यात तयार असलेली म्हण आधी फळ्यावर लिहा

121 वी गाथा वाचताच वर्गातून आवाज येतो, “थेंबे थेंबे तळे साचे!” ही म्हण मुलांना पाठ असते आणि गाथेचा अर्थ सापडला असे वाटून वाचन तिथेच थांबते. थोड्या वेळाने दुसरी येते, “पापाचा घडा भरला”. दोन्ही इतक्या जवळच्या आहेत की त्यांच्यामुळे गाथा दिसेनाशी होते.

त्यांना हाकलून देऊ नका. तासाच्या सुरुवातीलाच फळ्याच्या कोपऱ्यात दोन्ही लिहून ठेवा आणि सांगा की शेवटच्या प्रश्नात यांच्याकडे येऊ. त्यामुळे मुलांना आपले म्हणणे नाकारले असे वाटत नाही आणि बाकीच्या उत्तरांत त्या म्हणी घुसत नाहीत.

शिक्षकाने मात्र फरक आधीच नोंदवून ठेवावा. म्हणीत तळे आहे, आणि ती बहुतेक वेळा बचतीसाठी, चांगल्या गोष्टीसाठी वापरली जाते. गाथेतला घडा दोन्ही बाजूंनी भरतो. म्हणीत कुणी कुणाला कमी लेखत नाही. गाथेची सुरुवातच कमी लेखण्यापासून होते. “पापाचा घडा भरला” असे आपण म्हणतो तेव्हा आता शिक्षा होणार असा अर्थ असतो. या गाथेत शिक्षेचा एकही शब्द नाही. घडाही पापाचा नाही, साध्या पाण्याचा आहे. पापाने भरतो तो माणूस.

## टप्पा 4: प्रश्न काढण्याआधी स्वतः काय दिसते ते लिहा

भाषांतर झाका. वहीत फक्त पाली आणि तुम्ही केलेले शब्दार्थ ठेवा. पंधरा-वीस मिनिटे गाथेत काय पुन्हा आले, काय बदलले, कोण काय करते एवढेच लिहा. अर्थ, उपदेश, बोध काही लिहू नका. माझ्या वहीतल्या नोंदी अशा होत्या.

दोन गाथांमध्ये फक्त तीन जागा बदलतात. पापस्स दोनदा बदलून पुञ्ञस्स होते आणि बालोचे धीरो होते. बाकी सगळे अक्षर न् अक्षर तेच. म्हणजे भरण्याची रीत एकच आहे, काय भरते ते वेगळे.

“पूरति” हे क्रियापद प्रत्येक गाथेत दोनदा येते. एकदा भरतो तो घडा, एकदा भरतो तो माणूस. पाप भरत नाही, पुण्य भरत नाही. दोन्ही शब्द षष्ठीत आहेत. क्रियापदाचा कर्ता माणूस आहे, म्हणजे घड्याच्या जागी माणूस उभा आहे.

“आचिनं” हा शब्द बालोशी आणि धीरोशी जुळतो. साठवण्याची क्रिया माणसाची आहे. आणि घडा? घडा काही साठवत नाही. तो ठेवलेला असतो, थेंब वरून पडतात. उपमा इथे पुरती जुळत नाही. ही नोंद झाली तेव्हा मला वाटले की प्रश्नमालेचे केंद्र सापडले.

आणि “न मं तं आगमिस्सति”. बाकी सगळी गाथा कुणीतरी दुसऱ्याबद्दल बोलते, एवढ्याच ओळीत “मं” आहे, माझ्याकडे. म्हणजे हे कुणाच्या तरी मनातले वाक्य आहे. विशेष म्हणजे ते दोन्ही गाथांत जसेच्या तसे आहे. पापाबद्दल म्हटले तर ती स्वतःची समजूत आहे: माझ्यापर्यंत काही पोचायचे नाही. पुण्याबद्दल म्हटले तर तोच सूर पडलेला आहे: एवढ्याशाने मला काय मिळणार. शब्द तेच, आवाज निराळा.

हे माझ्या लक्षात आणून दिले ते एका मुलीने. वहीतल्या “मं”वर बोट ठेवून तिने विचारले, “ताई, हे मधेच कोण बोलतंय?” तोपर्यंत मी ही गाथा अनेकदा शिकवली होती.

## टप्पा 5: प्रश्न या क्रमाने मांडा

क्रम असा ठेवा: आधी जे डोळ्यांना दिसते, मग कोण काय करते, मग उपमा, मग अर्थ, आणि बाहेरची तुलना सर्वांत शेवटी. अर्थाचा प्रश्न आधी आला की मुले पाठ असलेला बोध लिहितात आणि पुढच्या सगळ्या उत्तरांत तोच ओढून आणतात. एका तासिकेला आठ प्रश्न पुरतात. पहिले चार तोंडी घ्या, पुढचे लेखी.

प्रश्न 1. दोन्ही गाथा शेजारी लिहा. जिथे शब्द बदलला आहे तिथे खाली रेघ मारा. किती जागा मिळाल्या?

उत्तर तीन. कुणी दोन म्हटले तर ते शब्दांच्या जोड्या मोजत आहे. तेही ऐकून घ्या आणि “पापस्स” पुन्हा शोधायला सांगा. हा प्रश्न सोपा आहे आणि सोपाच हवा, वर्गातल्या प्रत्येकाचे डोळे पालीवर आणण्यासाठी तो आहे.

प्रश्न 2. “बालो” या शब्दाचा अर्थ “लहान मूल” घ्यावा का? दुसऱ्या गाथेतल्या कोणत्या शब्दावरून ठरवाल?

प्रश्न 3. “पूरति” प्रत्येक गाथेत किती वेळा आले आहे? प्रत्येक वेळी भरणारा कोण?

इथे “पाप भरते” असे उत्तर हमखास येते. चूक म्हणून खोडू नका, शब्दाच्या शेवटाकडे न्या. “पापस्स” म्हणजे पापाचे. भरणारा त्याच ओळीत पहिल्या जागी बसला आहे.

प्रश्न 4. “न मं तं आगमिस्सति” ही ओळ कोण म्हणते? कोणत्या एका शब्दावरून कळते?

प्रश्न 5. हीच ओळ पहिल्या गाथेत एकदा आणि दुसऱ्या गाथेत एकदा मोठ्याने वाचा. दोन्ही वेळा आवाज सारखाच ठेवाल का? कारण गाथेतल्या शब्दाच्या आधारे दोन-तीन वाक्यांत लिहा.

प्रश्न 6. “आचिनं” हा शब्द घड्याला लागू होतो का? घडा आणि माणूस कोणत्या बाबतीत सारखे आहेत आणि कोणत्या बाबतीत नाहीत?

प्रश्न 7. “सवय” हा शब्द गाथेत कुठेही नाही. तरी गाथा वाचून सवयीची आठवण येते. ही आठवण कोणत्या शब्दांमुळे येते? “थोकं” एकदाच असते तर काय कमी झाले असते?

प्रश्न 8. फळ्यावरच्या दोन म्हणींपैकी एक निवडा. ती गाथेच्या कोणत्या ओळीला लागू पडते? गाथेतले काय तिच्यात बसत नाही?

तपासणी: प्रत्येक प्रश्नाला दोन कसोट्या लावा. पहिली, ज्याने गाथा वाचलेलीच नाही अशा मुलाला हा प्रश्न सोडवता येईल का? येत असेल तर प्रश्न काढून टाका. दुसरी, उत्तर देणारे मूल गाथेतल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवू शकते का? ठेवता येत नसेल तर प्रश्न पुन्हा लिहा. माझा जुना “मनावर ताबा का ठेवावा?” दोन्ही कसोट्यांवर पडतो.

तोच प्रश्न 33 व्या गाथेसाठी नीट कसा करता येईल ते पाहा. गाथेचा दुसरा अर्धा आहे “उजुं करोति मेधावी, उसुकारो व तेजनं”, बाण करणारा जसा बाणाची काडी सरळ करतो तसा बुद्धिमान माणूस चित्त सरळ करतो. आता विचारा: “मेधावी चित्ताला थांबवतो असे गाथेत म्हटले आहे का? तो काय करतो ते एका पालीशब्दात लिहा.” मुले आधी “थांबवतो” म्हणतील, मग शोधायला लागतील, आणि त्यांना “उजुं” सापडेल. रोखण्याचा शब्द गाथेत आहे, “दुन्निवारयं”, पण तो रोखणे कठीण आहे एवढेच सांगतो. पुढचा प्रश्न मग मुलेच काढतात: सरळ केलेला बाण कशासाठी असतो, पडून राहण्यासाठी की सुटण्यासाठी?

## टप्पा 6: नमुना उत्तर आधी स्वतः लिहा

प्रश्न कागदावर चांगला दिसतो आणि उत्तर लिहायला बसले की त्यातली गाठ कळते. विशेषतः प्रश्न 6 आणि 7 ची उत्तरे स्वतः लिहिल्याशिवाय वर्गात जाऊ नका.

प्रश्न 6 चे माझे उत्तर: “घडा आणि माणूस दोघांनाही पूरति हे क्रियापद आहे, म्हणून दोघेही भरतात, आणि दोघेही थोड्या थोड्याने भरतात. पण घड्यात थेंब पडतात, निपातेन. माणूस मात्र स्वतः साठवतो, आचिनं. घड्याला आपल्यात काय पडते ते ठरवता येत नाही.” मला शेवटचे वाक्य लिहिताना थांबावे लागले. ते गाथेत शब्दशः नाही, दोन शब्दांच्या फरकातून निघते. म्हणून मुलाने ते लिहिले नाही तरी पूर्ण गुण द्यायचे असे मी ठरवले.

प्रश्न 7 चे उत्तर लिहिताना कळते की एका शब्दाने भागत नाही. “थोकं थोकं” ही द्विरुक्ती एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा घडते हे दाखवते. “आचिनं” ते चालू आहे आणि जमा होत आहे हे दाखवते. दोन्ही मिळून सवयीची कल्पना उभी राहते. एकच “थोकं” असते तर थोडेसे पाप केले असा एकदाच्या कृतीचा अर्थ झाला असता, आणि एका थेंबाने घडा भरत नाही.

## टप्पा 7: वर्गात घेण्याचा क्रम

आधी गाथा तीनदा म्हणा. पहिल्यांदा तुम्ही, दुसऱ्यांदा सगळे मिळून, तिसऱ्यांदा एक मूल पदे सुटी करत. मग शब्दार्थ. भाषांतर अजून द्यायचे नाही. प्रश्न 1 ते 4 झाल्यावर मुलांकडूनच ते करून घ्या. त्यांनी केलेले भाषांतर ओबडधोबड असेल, पण शब्दांना धरून असेल.

अट्ठकथेतल्या, म्हणजे धम्मपदावरच्या जुन्या पाली टीकेतल्या गोष्टी शेवटी सांगा. 121 व्या गाथेची गोष्ट एका भिक्खूची आहे. तो विहारातले सामान वापरून बाहेरच टाकून द्यायचा, ऊन-पावसाने आणि वाळवीने ते खराब व्हायचे, आणि कुणी सांगितले की म्हणायचा, एवढ्याशाने काय होते. 122 व्या गाथेची गोष्ट बिळालपादक सेट्ठीची, जो सामुदायिक दानासाठी तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढेच धान्य द्यायचा. दोन्ही गोष्टी सुंदर आहेत आणि गाथेला अगदी फिट बसतात. अडचण तीच आहे. गोष्ट आधी ऐकली की मुले प्रत्येक प्रश्नाचे उत्तर गोष्टीतून देतात. “न मं तं आगमिस्सति” कोण म्हणते? “तो भिक्खू.” बोट गाथेवर येतच नाही. प्रश्न झाल्यावर गोष्ट सांगितली तर मुले उलट गोष्टच तपासतात: भिक्खूच्या तोंडचे वाक्य गाथेत कुठे आहे? तो विचार त्यांचा त्यांना करू द्या.

सावधान: “तुमच्या एखाद्या वाईट सवयीबद्दल लिहा” हा प्रश्न लेखी आणि सर्वांसमोर कधीच नको. मुले खोटे लिहितात किंवा कुणी खरे लिहून वर्गात हसू होते. आयुष्याशी जोडायचेच असेल तर कल्पित माणूस घ्या: रोज एकच गोष्ट थोडी थोडी करणारा कुणी, आणि त्याच्या मनात “न मं तं आगमिस्सति” कोणत्या सुरात चालले असेल ते लिहायला सांगा. मुले त्यात स्वतःचेच लिहितात, पण ते कुणाला कळत नाही. तसेच, गाथा काय म्हणते हे विचारा. तुम्हाला ते पटते का हा प्रश्न गुणांसाठी विचारू नका. वर्गात सगळ्या घरांची मुले असतात आणि वाचनाची परीक्षा श्रद्धेवर होऊ नये.

## टप्पा 8: तपासताना काय पाहायचे

प्रत्येक लेखी उत्तराचे गुण दोन भागांत द्या. अर्धे गुण गाथेतला नेमका पालीशब्द दाखवल्याबद्दल, अर्धे त्या शब्दावरून काढलेल्या निष्कर्षाबद्दल. निष्कर्ष तुमच्यापेक्षा वेगळा असला तरी शब्दाला धरून असेल तर पूर्ण गुण. प्रश्न 5 ला एका मुलाने लिहिले की दोन्ही गाथांत आवाज सारखाच, कारण दोन्ही माणसे आळशी आहेत आणि दोघांनाही काही करायचे नाही. मी असा विचार केला नव्हता. त्याने “मा अवमञ्ञेथ” दोन्हीकडे एकच आहे हा आधार दिला होता. पूर्ण गुण दिले.

उत्तरे तपासून झाली की वह्या परत देण्याआधी प्रश्नांकडे पुन्हा पाहा. एखाद्या प्रश्नाला निम्म्याहून जास्त मुलांनी एकच चुकीचे उत्तर दिले असेल तर बहुधा प्रश्नाच्या शब्दांत दोष आहे. प्रश्न 3 मी आधी “काय भरते?” असा विचारला होता. “काय” म्हटल्यावर मुलांनी वस्तू शोधली आणि पाप लिहिले. “भरणारा कोण?” असे केल्यावर माणूस सापडला.

एकदा ही प्रश्नमाला बसली की पुढच्या आठवड्यात त्याच वग्गातल्या 117 आणि 118 घ्या. तिथे “पुनप्पुनं” आहे, पुन्हा पुन्हा, आणि “छन्दं” आहे, इच्छा, ओढ. मराठी मुलाला छंद म्हणजे तिकिटे जमवणे वाटते, पण छंद लागणे हा वाक्प्रचार आठवला की ते पालीच्या बरेच जवळ पोचते. तिथला पहिला प्रश्न मी असा ठेवते: गाथा 117 ची सुरुवात “पाप करू नये” अशी आहे का? मुले हो म्हणून लिहायला लागतात आणि मग त्यांना पहिलाच शब्द दिसतो, “पापञ्चे”, पाप जर केले.